मंजुरी ६० लाखांची, उचल पावणेचौतीस लाखांची: असं का?

प्रश्न: माझा पत्र्याचे प्रेस पार्ट्स बनवायचा छोटा कारखाना आहे. पुढच्या वर्षाची विक्री ३ कोटी धरून बँकेने ६० लाखांची कॅश क्रेडिट मंजूर केली. पत्र सगळं इंग्रजीत आहे. माल ४४ लाखांचा, येणं ४६ लाख. पत्रात मालावर २५ टक्के आणि येण्यावर ४० टक्के मार्जिन लिहिलंय. माझ्या हिशेबाने पूर्ण ६० लाख बसतात, पण मॅनेजर म्हणतात सध्या ३४ लाखांच्या आतच उचलता येतील. कच्च्या मालाचं देणं १८ लाख आहे. येण्यातले १२ लाख ९० दिवसांच्या वरचे आहेत आणि ४ लाख भावाच्या फर्मकडचे. मालात ३ लाखांचे नापास पार्ट्स पडून आहेत, आणि २ लाखांचा पत्रा ग्राहकाने जॉबवर्कसाठी दिलेला आहे. सही करण्याआधी ड्रॉइंग पॉवर, स्टॉक स्टेटमेंट, मार्जिन हे सगळं मराठीत समजावून सांगाल का?

उत्तर:

मॅनेजरांचा आकडा बरोबर आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी हिशेब केला तर ३३ लाख ७५ हजार येतात. तुमच्या आणि त्यांच्या हिशेबात जवळजवळ २७ लाखांचं अंतर पडतं, ते टक्केवारीमुळे नाही. टक्केवारी लावण्याआधी काय काय वजा करायचं, हे पत्रात दोन-तीन शब्दांत उरकलेलं असतं आणि तिथेच गाडी अडते. बँकेच्या क्रेडिट डेस्कवर बरीच वर्षं अशी पत्रं मीच तयार केली, आता कारखानदारांच्या बाजूने ती वाचतो. त्यामुळे दोन्हीकडची नजर सांगू शकतो. तुमचं पत्र मी पाहिलेलं नाही आणि प्रत्येक बँकेचे नियम थोडे वेगळे असतात. म्हणून जिथे उत्तर पत्रातल्या शब्दांवर अवलंबून आहे, तिथे तसं सांगतो.

आधी ६० लाख आले कुठून ते पाहू. छोट्या उद्योगांसाठी बँका बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीची उलाढालीची पद्धत वापरतात. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के रक्कम धंद्यात फिरती लागते असं धरायचं. त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के मालकाने घालायचे. ३ कोटींवर २० टक्के म्हणजे ६० लाख, आणि तुमचे १५ लाख. थोडक्यात, ६० लाख हा आकडा वर्षभराच्या अंदाजावर बेतलेला आहे. आज तुमच्या गोदामात काय आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल मर्यादा, ही मात्र आजच्या तारणावर ठरते. कॅश क्रेडिटला तारण असतं तुमचा माल आणि तुमचं येणं. दोन्ही तुमच्याच ताब्यात राहतात, बँकेकडे नजरगहाण असतात, आणि ते दर महिन्याला कमीजास्त होतात. तारण हलतं म्हणून उचल मर्यादाही हलते. पत्रात कुठेतरी ‘सँक्शन्ड लिमिट ऑर ड्रॉइंग पॉवर, व्हिचेव्हर इज लोअर’ असं वाक्य सापडेल. दोन्हींपैकी जे कमी, तेवढंच उचलायचं. तारण वाढून उचल मर्यादा ८० लाखांची निघाली तरी ६० च्या वर जाता येत नाही, आणि तारण घटलं तर ६० हा आकडा कागदावरच राहतो.

आता मार्जिन. बाजारात आपण नफ्याला मार्जिन म्हणतो, त्यामुळे या शब्दाने बरेच जण फसतात. इथे मार्जिन म्हणजे मालकाचा स्वतःचा हिस्सा. मालावर २५ टक्के मार्जिन म्हणजे १०० रुपयांच्या मालात २५ तुमचे आणि ७५ बँकेचे. येण्यावर ४० टक्के म्हणजे १०० रुपयांच्या उधारीवर बँक ६० धरणार. येण्यावर जास्त मार्जिन असतं, कारण माल नजरेसमोर असतो आणि उधारी दुसऱ्याच्या हातात. त्याच पत्रात लेटर ऑफ क्रेडिट किंवा बँक गॅरंटीपुढे ‘कॅश मार्जिन’ दिसलं तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे तेवढी रक्कम मुदत ठेवीत अडकवून ठेवायची असते. त्याचा तुमच्या कॅश क्रेडिटच्या हिशेबाशी संबंध नाही.

तुम्ही बहुधा असा हिशेब केला असणार: ४४ लाखांचे ७५ टक्के ३३ लाख, ४६ लाखांचे ६० टक्के २७ लाख ६० हजार, एकूण ६० लाख ६० हजार. बँक मात्र असं मोजते.

४४ लाखांच्या मालातून आधी ३ लाखांचे नापास पार्ट्स काढायचे. ते विकले जाणार नाहीत, भंगाराच्या भावाने जातील. मग ग्राहकाचा २ लाखांचा पत्रा काढायचा, कारण तो तुमचा नाहीच. जो माल तुमच्या मालकीचा नाही तो तुम्ही तारण कसा देणार? उरले ३९ लाख. त्यातून मालाचं देणं १८ लाख वजा. उरले २१ लाख, याला ‘पेड स्टॉक’ म्हणतात, म्हणजे पैसे चुकते झालेला माल. त्याचे ७५ टक्के म्हणजे १५ लाख ७५ हजार.

येणं ४६ लाख. त्यातले ९० दिवसांवरचे १२ लाख गेले. भावाच्या फर्मकडचे ४ लाखही बहुतेक बँका धरत नाहीत. घरातल्या घरात बिलं फाडून येणं फुगवता येतं हे त्यांना माहीत असतं. पत्रात ‘असोसिएट कन्सर्न्स’ किंवा ‘सिस्टर कन्सर्न’ असे शब्द पाहा. उरले ३० लाख, त्यांचे ६० टक्के १८ लाख. दोन्ही मिळून पावणेचौतीस लाख.

सगळ्यात मोठा फटका देण्याचा आहे. एकट्या त्या १८ लाखांमुळे उचल साडेतेरा लाखांनी घटली. ही वजाबाकी अन्यायाची वाटते, पण तिच्यामागचं कारण साधं आहे. पत्र्याच्या व्यापाऱ्याने तुम्हाला १८ लाखांचा माल उधार दिला, म्हणजे त्या मालात त्याचा पैसा आहे. त्याच मालावर बँकेनेही पैसे दिले तर एकाच कॉइलवर दोघांचा पैसा लागला आणि तुमचा हिस्सा शून्य. म्हणून उधारीवर माल आणून गोदाम भरलं तरी उचल मर्यादा एक रुपयाने वाढत नाही. मालही वाढतो, देणंही तेवढंच वाढतं.

इथे एक बारकावा आहे. देणं मार्जिन लावण्याआधी वजा करायचं की नंतर? मी वर आधी केलंय, आणि माझ्या अनुभवात सहसा तसंच होतं. पण एखाद्या शाखेने ३९ लाखांचे ७५ टक्के आधी काढले आणि मग १८ लाख वजा केले, तर मालावर फक्त सव्वाअकरा लाख उरतात. म्हणजे साडेचार लाखांचा फरक केवळ क्रमामुळे. पत्रात ‘पेड स्टॉक्स’ किंवा ‘स्टॉक्स नेट ऑफ सन्ड्री क्रेडिटर्स’ असं लिहिलं असेल तर अर्थ आधी वजा करायचं असाच होतो. काहीच लिहिलं नसेल तर विचारून घ्या.

आता कारखाना चालवताना हे कसं जाणवतं ते पाहा. समजा खात्यातून २० लाख उचललेत. पावणेचौतीसमधून २० गेले, पावणेचौदा शिल्लक. १२ तारखेला तुम्ही पत्र्याच्या व्यापाऱ्याला १० लाख दिले. खात्यावरची बाकी, म्हणजे उचललेली रक्कम, झाली ३० लाख. देणं १८ वरून ८ वर आलं, पेड स्टॉक २१ चा ३१ लाख झाला आणि उचल मर्यादा साडेसात लाखांनी वाढून सव्वाएक्केचाळीस व्हायला हवी. पण ती त्या दिवशी वाढत नाही! बँकेच्या संगणकात अजून मागच्या महिनाअखेरचं स्टेटमेंट आहे. पुढचं स्टेटमेंट जाईपर्यंत तुमच्या हातात फक्त पावणेचार लाख राहतात. पगाराचा आठवडा आणि व्यापाऱ्याचा हप्ता एकत्र आला की चेक परत जातात, ते अनेकदा याच मधल्या दिवसांत. नवीन स्टेटमेंट गेल्यावरही सव्वाअकराच लाख मोकळे होतील, आधीपेक्षा अडीच लाख कमी. हे अडीच लाख म्हणजेच त्या १० लाखांच्या मालातलं तुमचं २५ टक्के मार्जिन. ते कोणी कापून नेत नाही, तुमच्या मालात जाऊन बसतं.

येण्याची गोष्ट याहून गमतीची आहे. १० लाख खर्चाचा माल तयार होऊन पडलाय तेव्हा त्यावर साडेसात लाख उचल मिळते. तो १३ लाखांना विकला की बिलावर ६० टक्क्यांनी ७ लाख ८० हजार. विक्रीच्या दिवशी फारसा फरक पडत नाही. मग ग्राहक पैसे देत नाही, दिवस जातात, आणि ९१ व्या दिवशी ते ७ लाख ८० हजार एकदम शून्य होतात. खात्यात कुठलाही व्यवहार झालेला नसतो, तरी उचल मर्यादा तेवढ्याने खाली येते. ‘मी काहीच केलं नाही, लिमिट कमी कसं झालं?’ असं विचारत जे लोक माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच झालेलं असतं.

यातून वसुलीचा क्रम ठरतो. ३० दिवसांच्या बिलाचे १० लाख आले तर बाकी १० लाखांनी घटते, पण उचल मर्यादाही ६ लाखांनी घटते. हातात मोकळे झाले फक्त ४ लाख. ९० दिवसांवरचे १० लाख आले तर उचल मर्यादेत ते धरलेलेच नव्हते, त्यामुळे पूर्ण १० लाख मोकळे होतात. आपण सहसा उलटं करतो. जो ग्राहक वेळेवर देतो त्यालाच गोड बोलून लवकर मागतो, आणि जुन्या बिलांचा विषय टाळतो. तुमच्या त्या १२ लाखांचा पाठपुरावा आजपासून सुरू करा. तिथला प्रत्येक रुपया पूर्ण रुपयाच्या किमतीचा आहे.

आता स्टॉक स्टेटमेंट. हा महिनाअखेरच्या तारखेचा तक्ता असतो: कच्चा माल, अर्धवट तयार माल, तयार माल, येणं (किती दिवसांचं ते वेगळं दाखवून) आणि देणं. द्यायची शेवटची तारीख पत्रात असते, साधारण पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेच्या आसपास. उशीर झाला तर दंड लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एप्रिल २०२४ पासून हा दंड वेगळं शुल्क म्हणून लावावा लागतो, पूर्वीसारखा व्याजदरात वाढवून नाही. पण दंड ही किरकोळ बाब आहे. खरा धोका पुढचा आहे.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की उचल मर्यादा ठरवायला वापरलेलं स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं असता कामा नये. तुम्ही ३० जूनचं स्टेटमेंट दिलं आणि नंतर दिलंच नाही, तर सप्टेंबर संपल्यावर त्यावर आधारलेली उचल अनियमित धरली जाते. ती अशीच सलग ९० दिवस राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. कारखाना जोरात चालू असला, व्याज वेळेवर भरलं, तरीही. उचल मर्यादेच्या वर बाकी सलग ९० दिवस राहिली तरी तोच परिणाम. ऑर्डरींनी भरलेला कारखाना केवळ कागद न दिल्यामुळे एनपीएच्या दारात उभा राहिलेला मी पाहिलाय. मालकाचं म्हणणं, अकाउंटंट सोडून गेला होता. संगणकाला ते कळत नाही.

आकडे भरताना तीन गोष्टी सांभाळा. तयार माल विक्रीच्या भावाने नाही, खर्चाच्या भावाने लिहायचा, आणि बाजारभाव त्याहून कमी असेल तर बाजारभावाने. ज्या जीएसटीची वजावट तुम्ही घेता तो मालाच्या किमतीत मिळवायचा नाही. आणि पार्ट्स प्लेटिंगला किंवा पावडर कोटिंगला बाहेर गेले असतील तर ते वेगळे दाखवायचे. काही बँका जॉबवर्करकडचा माल धरतात, काही धरत नाहीत. पण तो तुमच्या शेडमध्ये असल्यासारखा दाखवला आणि तपासणीला कोणी आलं, तर मोजणीत तेवढा कमी भरतो आणि मग तुमच्या सगळ्याच आकड्यांवर शंका येते. विम्याच्या पॉलिसीतही मालाची किंमत आणि जागेचा पत्ता स्टेटमेंटशी जुळला पाहिजे.

उचल कमी पडली की माल थोडा वाढवून दाखवायचा मोह होतो. तो पकडणं अवघड नाही. आधीचा माल, अधिक खरेदी, वजा वापर, यातून उरेल तोच शेवटचा माल. खरेदी आणि विक्री जीएसटीच्या विवरणपत्रात दिसते, त्यामुळे तपासणारा हा हिशेब टेबलावर बसूनच करतो. एका कारखान्याच्या स्टेटमेंटमध्ये अर्धवट तयार माल सलग पाच महिने अगदी ९ लाखच होता. शॉप फ्लोअरवर असा गोल आकडा एक महिनाही राहत नाही. शिवाय ३१ मार्चचं स्टेटमेंट ताळेबंदाशी ताडून पाहिलं जातं. फुगवलेला माल ताळेबंदात आला तर नफाही फुगतो, त्यावर कर भरावा लागतो. ताळेबंदात नाही आला तर बँकेला दिलेला कागद खोटा ठरतो.

सही करण्याआधी काय करायचं? पत्रातल्या अटी दगडावरची रेघ नसतात. निदान विचारता येतात. तुमच्या बाबतीत मी दोनच गोष्टींवर जोर देईन. पहिली, ९० दिवसांची अट. तुमचा मुख्य ग्राहक सवयीने १०० ते ११० दिवसांनी पैसे देत असेल, तर मागच्या वर्षाचा त्याचा खातेउतारा दाखवून १२० दिवस मागा. त्या १२ लाखांतले ७ लाख १२० दिवसांच्या आतले असतील, तर उचल ४ लाख २० हजारांनी वाढते. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजणार की पैसे देय झाल्याच्या तारखेपासून, हेही विचारा. सहसा बिलाच्या तारखेपासूनच मोजतात. मार्जिन ४० चं ३० करा, असं म्हणण्यापेक्षा ही मागणी मान्य व्हायची शक्यता मला जास्त वाटते, कारण तिला तुमच्या खात्याचा पुरावा असतो.

दुसरी गोष्ट, येण्यावर वेगळी कमाल मर्यादा आहे का ते शोधा. ‘सब-लिमिट अगेन्स्ट बुक डेट्स’ असे शब्द असतात, बहुतेक मुख्य आकड्याच्या खाली बारीक अक्षरात. समजा तिथे १५ लाख लिहिले असतील, तर तुमच्या येण्यावर १८ लाख निघत असले तरी १५ च धरले जातील आणि उचल पावणेएकतीसवर येईल. तुमची अर्ध्याहून जास्त उचल येण्यावर उभी आहे, त्यामुळे ही ओळ तुमच्यासाठी व्याजदराइतकीच महत्त्वाची आहे.

भावाच्या फर्मचे ४ लाख आणि नापास माल यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तिथे बँक हटणार नाही, आणि माझ्या मते हटूही नये. नापास पार्ट्स भंगारात विकून जे येईल ते खात्यात भरा, निदान तेवढी बाकी तरी कमी होईल.

मग वर मी केलाय तसा हिशेब तुमच्या मागच्या महिनाअखेरच्या आकड्यांवर एका कागदावर मराठीतच मांडा. प्रत्येक वजाबाकीची वेगळी ओळ करा आणि तो कागद मॅनेजरांना ईमेल करून विचारा, ‘दर महिन्याला आमची उचल मर्यादा अशीच काढणार ना? काही वेगळं असेल तर कळवा.’ उत्तर लेखी घ्या. मॅनेजर बदलतात, तोंडी सांगितलेलं त्यांच्याबरोबर जातं. पत्राच्या शेवटच्या पानावर ‘आय अॅक्सेप्ट द टर्म्स’ याच्याखाली सही मागितलेली असेल, ती या उत्तरानंतर करा. आणि पुढे दर महिन्याला स्टेटमेंट पाठवायच्या आधी हाच हिशेब स्वतः करा. उचल मर्यादा बाकीपेक्षा खाली जाणार असं दिसलं, तर १० तारखेला ती संगणकात पडायच्या आधी तुमच्याकडे आठवडाभर असतो: एखादं जुनं बिल वसूल करायला, किंवा शाखेत जाऊन तात्पुरती जादा उचल मागायला.